विश्लेषण : वारसदार निवडायचा की नेमायचा? सुन्नी-शिया मतभेदाचा मूळ प्रश्न मुंबईच्या न्यायालयात दोनदा कसा पोहोचला?

अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या ‘अल्जामिया-तुस-सैफिया’ या अरबी शिक्षणसंस्थेचे संकुल आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. समाजाचे धर्मगुरू, ५३वे दाई सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन त्या कार्यक्रमात त्यांच्यासोबत होते. मात्र त्याच काळात, मुफद्दल सैफुद्दीन हे खरोखर ५३वे दाई आहेत का, असा दावा मुंबई उच्च न्यायालयात प्रलंबित होता. २०१४ मध्ये दाखल झालेल्या या दाव्याचा निकाल २३ एप्रिल २०२४ रोजी लागला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दावा फेटाळला आणि सैफुद्दीन यांचे पद कायम राहिले.

दहा वर्षे चाललेल्या या खटल्यात एक अरबी शब्द पुन्हा पुन्हा आला. तो म्हणजे ‘नस्स’. आधीच्या धर्मगुरूने आपला वारस स्पष्टपणे नेमणे, असा त्याचा अर्थ. अशी नेमणूक झाली होती का, कोणासमोर झाली आणि ती नंतर बदलता येते का, असे प्रश्न न्यायालयापुढे होते. सुन्नी आणि शिया यांच्यातील १४०० वर्षांपूर्वीचा मतभेदही नेमणूक झाली होती की नव्हती, या प्रश्नापासूनच सुरू होतो. म्हणून मुंबईतल्या या खटल्यांच्या आधाराने तो मतभेद समजून घेता येतो.

सन ६३२ मध्ये मदिनेत नेमके काय घडले?

प्रेषित मोहम्मद पैगंबर यांचे सन ६३२ मध्ये मदिनेत निधन झाले. त्यांच्यानंतर कोणी प्रेषित येणार नाही, याबद्दल मुस्लिमांमध्ये वाद नव्हता. मात्र नव्याने उभ्या राहिलेल्या समुदायाचे नेतृत्व कोणी करायचे, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला.

त्या वेळी मदिनेत दोन प्रमुख गट होते. मक्केहून प्रेषितांसोबत स्थलांतर करून आलेले ‘मुहाजिर’ आणि त्यांना आश्रय देणारे मदिनेचे रहिवासी, म्हणजे ‘अन्सार’. निधनाची बातमी पसरताच अन्सारांपैकी काही जण ‘सकीफा’ नावाच्या छपराखालच्या बैठकीच्या जागेत जमले आणि आपल्यातून नेता निवडू लागले. हे कळताच मुहाजिरांपैकी हजरत अबू बकर, हजरत उमर आणि अबू उबैदा तिथे पोहोचले. दोन्ही गटांचा एकेक नेता असावा, अशीही सूचना पुढे आली. मात्र मक्केच्या कुरैश कुळातील नेत्यालाच सगळे अरब मानतील, असा युक्तिवाद मुहाजिरांनी केला. अखेर हजरत उमर यांनी हजरत अबू बकर यांच्या हातात हात देऊन निष्ठेची शपथ घेतली. या शपथेला ‘बैअत’ म्हणतात. मग इतरांनीही बैअत केली आणि अबू बकर पहिले खलिफा झाले.

हजरत अली या बैठकीत नव्हते. ते प्रेषितांचे चुलतभाऊ आणि कन्या फातिमा यांचे पती. निर्णय होत असताना ते कुटुंबीयांसह प्रेषितांच्या अंत्यविधीच्या तयारीत होते. त्यांनी नंतर बैअत केली, ती काही महिन्यांनी, असे सुन्नी परंपरेतील प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रंथातही नोंदले आहे.

त्या दिवशी ‘सुन्नी’ आणि ‘शिया’ असे दोन पंथ अस्तित्वात नव्हते. समुदाय एक होता आणि नेता कोण यावर त्यात दोन मते होती. या दोन मतांचे दोन सिद्धांत व्हायला पुढची शंभर-दीडशे वर्षे लागली.

अलींची नेमणूक झाली होती, असे शिया कशाच्या आधारे म्हणतात?

निधनाच्या काही महिने आधी, हिजरी सन १०च्या १८ जिल्हज रोजी, प्रेषित मक्केची अखेरची यात्रा करून मदिनेकडे परतत होते. वाटेत ‘गदीर खुम’ नावाच्या पाणवठ्याजवळ त्यांनी ताफा थांबवला आणि लोकांसमोर अलींचा हात धरून सांगितले, की आपण ज्याचे मौला आहोत, त्याचे अलीही मौला आहेत.

ही घटना सुन्नी हदीस संग्रहांतही आहे. म्हणजे असे काही घडलेच नाही, असा वाद नाही. वाद आहे तो ‘मौला’ या शब्दाच्या अर्थाचा. अरबीत त्याचे अनेक अर्थ होतात. मालक किंवा अधिकारी हा एक अर्थ, तर मित्र, पाठीराखा, जिवलग हा दुसरा.

शिया म्हणतात, की भर उन्हात हजारो यात्रेकरूंना थांबवून कोणी ‘अली माझे मित्र आहेत’ एवढेच सांगणार नाही. त्यामुळे इथे अर्थ अधिकाराचाच आहे आणि ही अलींची जाहीर नेमणूक आहे. सुन्नी विद्वान घटनेचा संदर्भ पुढे करतात. त्याआधी अली येमेनच्या मोहिमेवर गेले होते. तिथल्या मालमत्तेच्या वाटपात त्यांनी कडक शिस्त पाळल्याने काही सैनिक नाराज होते आणि तक्रारी प्रेषितांपर्यंत आल्या होत्या. तेव्हा प्रेषितांनी अलींची बाजू घेतली, त्यांच्यावर प्रेम करायला सांगितले. पण वारस नेमला नाही, असे सुन्नी मत आहे. अखेरच्या आजारपणात प्रेषितांनी नमाज पढवण्याची जबाबदारी अबू बकर यांच्यावर सोपवली होती, याकडेही सुन्नी लक्ष वेधतात.

शिया आजही १८ जिल्हज हा दिवस ‘ईद-ए-गदीर’ म्हणून साजरा करतात. सुन्नींच्या सणांत ही ईद नाही. मात्र म्हणून सुन्नी अलींना कमी मानतात, असे नाही. त्यांच्यासाठी ते चौथे खलिफा आणि अत्यंत आदरणीय आहेत. मोहरममध्ये मुंबईत सरबत-पाण्याच्या ‘सबिली’ लागतात, त्या सुन्नी मोहल्ल्यांतही असतात.

मग सुन्नींच्या मते खलिफा निवडण्याची रीत कोणती?

‘सुन्नी निवडणूक मानतात आणि शिया घराणेशाही’ असे सोपे समीकरण अनेकदा सांगितले जाते. ते दोन्ही बाजूंनी अपुरे आहे.

पहिले चार खलिफा चार वेगवेगळ्या मार्गांनी आले. अबू बकर बैठकीत निवडले गेले. सन ६३४ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी स्वतःच उमर यांना नेमले. उमर यांनी सन ६४४ मध्ये मृत्युशय्येवर असताना सहा जणांची समिती केली. त्या सहांनी आपल्यातूनच एकाला निवडायचे होते. अलीही त्या समितीत होते, पण निवड हजरत उस्मान यांची झाली. सन ६५६ मध्ये उस्मान यांची हत्या झाल्यावर मदिनेतील लोकांनी अलींकडे बैअत केली.

पुढच्या सुन्नी विद्वानांनी या सर्व रीती वैध मानल्या. ११व्या शतकातील बगदादचे कायदेपंडित अल-मावर्दी यांनी हे नियमांच्या रूपात मांडले. समाजातील जबाबदार आणि जाणत्या मंडळींनी निवडावे किंवा विद्यमान खलिफाने पुढचा नेमावा, असे दोन्ही मार्ग त्यांनी मान्य केले. म्हणजे सुन्नी विचारात नेमणुकीला मनाई नाही. नेमणूक माणूस करतो आणि समुदाय बैअत करून तिला मान्यता देतो, एवढेच. प्रत्यक्षात सन ६६१ नंतर उमय्या घराण्याच्या काळात खिलाफत वडिलांकडून मुलाकडे जाऊ लागली. तरीही समुदाय फुटू नये म्हणून बहुतेक सुन्नी विद्वानांनी ती निभावून नेली. ‘अहले सुन्नत वल जमात’ या पूर्ण नावात प्रेषितांची रीत आणि समुदायाची एकजूट हे दोन्ही शब्द आहेत. नावातील ‘जमात’चे वजन इथे दिसते.

सुन्नी विचारात खलिफा हा समुदायाचा प्रमुख आहे, पण धर्माचा अर्थ सांगण्याचा खास अधिकार त्याच्याकडे नाही. ते काम उलेमांचे, म्हणजे शिकून तयार झालेल्या विद्वानांचे. याचा प्रत्यय मुंबईकरांना १०० वर्षांपूर्वी आला. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानातील खलिफाचे पद वाचवण्यासाठी झालेल्या खिलाफत चळवळीचे मुंबई हे मोठे केंद्र होते. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून ईद-ए-मिलादचा जुलूस आजही निघतो. मार्च १९२४ मध्ये तुर्की संसदेने खलिफाचे पदच रद्द केले. मोठा धक्का बसला, पण सुन्नींची नमाज, निकाह, शिक्षण, फतवे काही थांबले नाही. कारण धर्माचे रोजचे कामकाज त्या पदावर अवलंबून नव्हतेच.

आणि शियांच्या मते इमाम म्हणजे कोण?

इथे दोन्ही बाजूंतला खरा फरक लागतो. शियांसाठी प्रश्न केवळ ‘कोण’ असा नाही, तर ‘पद कोणते’ असाही आहे. प्रेषितांनंतर नवा ग्रंथ येणार नाही, पण आलेल्या ग्रंथाचा अचूक अर्थ सांगणारा कोणीतरी प्रत्येक काळात हवा. तो चुकणारा असेल तर धर्मच चुकीच्या वाटेला जाईल. म्हणून तो ईश्वराच्या इच्छेने नेमलेला आणि पापापासून सुरक्षित असला पाहिजे. असा माणूस बैठकीत मतांनी ठरवता येत नाही. त्याची ओळख आधीचा इमामच पटवू शकतो. ही ओळख पटवण्याची कृती म्हणजे नस्स.

हा विचार एका दिवसात तयार झाला नाही. ‘शियत अली’ म्हणजे अलींचा पक्ष, हे नाव आधी राजकीय होते. सन ६६१ मध्ये अलींची हत्या झाली. सन ६८० मध्ये त्यांचे पुत्र इमाम हुसेन करबलाच्या मैदानात मोजक्या साथीदारांसह मारले गेले. सत्ता मिळण्याची शक्यता संपत गेली. अशा वेळी नेतृत्वाचा हक्क सत्तेवर आधारलेला असता, तर पराभवाबरोबर तोही संपला असता. ८व्या शतकात इमाम मोहम्मद अल-बाकिर आणि त्यांचे पुत्र इमाम जाफर अल-सादिक यांच्या काळात नस्सचा सिद्धांत नीट मांडला गेला. त्यानुसार इमाम गादीवर असो वा नसो, लोकांनी मानो वा न मानो, तो इमामच असतो. नेमणूक ही सत्तेपासून वेगळी झाली आणि त्यामुळेच शिया परंपरा सत्तेशिवाय टिकली.

पण शियांमध्येही इतके गट कसे पडले?

नेमणुकीच्या तत्त्वाने एक प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. नेमणूक झाली हे कसे कळणार? दोघांनी दावा केला तर? नेमलेला आधीच वारला तर?

इमाम जाफर अल-सादिक यांचे सन ७६५ मध्ये निधन झाले तेव्हा नेमके हेच घडले. त्यांनी पुत्र इस्माईल यांच्यावर नस्स केली होती, असे एक गट मानत होता. मात्र इस्माईल यांचे निधन वडिलांच्या हयातीत झाल्याचे सांगितले जाते. नस्स मागे घेता येत नाही, म्हणून इमामत इस्माईल यांच्याच वंशात राहील, असे म्हणणारे पुढे ‘इस्माईली’ झाले. दुसऱ्या गटाने इस्माईल यांचे बंधू मूसा अल-काझिम यांना इमाम मानले. त्यांच्या वंशातील १२वे इमाम सन ८७४ पासून लोकांच्या नजरेआड आहेत, अशी या गटाची श्रद्धा आहे. हे ‘इसना अशरी’, म्हणजे बारा इमामांना मानणारे. जगातील बहुसंख्य शिया याच गटाचे आहेत. इमाम प्रत्यक्ष उपलब्ध नसल्याने ते ज्येष्ठ धर्मपंडितांचे मार्गदर्शन घेतात.

इस्माईलींमध्ये सन १०९४ मध्ये आणखी एक फाटा फुटला. कैरोतील फातिमी इमाम-खलिफा अल-मुस्तनसिर यांच्या निधनानंतर थोरले पुत्र निझार की धाकटे मुस्तआली, असा वाद झाला. निझार यांना मानणाऱ्यांची परंपरा आजच्या आगाखानी खोजांपर्यंत येते. मुस्तआली यांना मानणाऱ्यांची परंपरा बोहरांपर्यंत. बोहरांच्या श्रद्धेनुसार १२व्या शतकात २१वे इमाम तय्यब नजरेआड गेले आणि तेव्हापासून त्यांच्या वतीने ‘दाई’ समाजाचे नेतृत्व करतात. दाई आधी येमेनमध्ये होते, १६व्या शतकात ही गादी गुजरातेत आली. एक दाई पुढच्या दाईवर नस्स करतो आणि साखळी पुढे जाते.

मुंबई आणि उपनगरांत एकाच इमारतीत राहणारे बोहरा, आगाखानी खोजा आणि इसना अशरी शिया या फाट्यांचे वारस आहेत. गदीरबाबत तिघांचे एकमत आहे. नंतरच्या नेमणुकांबाबत नाही.

१८६६ च्या खटल्यात न्यायालयाला काय ठरवायचे होते?

निझारी इस्माईलींचे ४६वे इमाम, पहिले आगाखान, इराणमधून निघून १८४०च्या दशकात मुंबईत आले. इथल्या खोजा व्यापाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यांना इमाम मानत आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा देत. मात्र एका सधन गटाचा याला विरोध होता. वाद इतका चिघळला, की १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात विरोधी गटातील चार जणांचा खून झाला.

१८६१ मध्ये आगाखान यांनी एक पत्रक काढले. खोजांनी निकाह, अंत्यविधी वगैरे आता उघडपणे शिया इमामी इस्माईली पद्धतीने करावेत आणि ज्यांना हे मान्य असेल त्यांनी सही करावी, असे त्यात होते. म्हणजे कोण आपला, कोण नाही, याची यादीच तयार झाली. बहुसंख्यांनी सही केली. नकार देणाऱ्यांनी पुढे उच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे साधे होते : खोजा मुळात सुन्नी आहेत, त्यामुळे शिया इमामाचा समाजाच्या जमातखान्यांवर, निधीवर आणि मालमत्तेवर काही हक्क नाही.

त्यामुळे न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांना मालमत्तेचा निकाल देण्यासाठी आधी सुन्नी कोण, शिया कोण आणि खोजा त्यात कुठे बसतात, हे ठरवावे लागले. १२ नोव्हेंबर १८६६ च्या निकालपत्रात त्यांनी प्रेषितांच्या निधनानंतरच्या घडामोडींपासून सुरुवात केली.

वादींकडे एक मजबूत पुरावा होता. खोजांचे निकाह आणि अंत्यविधी पिढ्यान्‌पिढ्या सुन्नी काझी-मुल्ला करत आले होते. समोरच्या बाजूने सांगितले, की छळाच्या भीतीने श्रद्धा लपवण्याची शियांमध्ये जुनी रीत आहे. त्याला ‘तकिय्या’ म्हणतात. मग खरी श्रद्धा शोधायची कुठे? न्यायालयाने दोन गोष्टींना वजन दिले. एक, खोजांचे पूर्वज इराणमधल्या इमामांना नेमाने भेट पाठवत होते आणि काही जण दर्शनालाही जात होते. दुसरी, पीर सद्रुद्दीन यांच्या नावाने चालत आलेली ‘दसावतार’ ही रचना. तिच्यात विष्णूच्या अवतारांची मांडणी आहे आणि दहाव्या अवताराच्या जागी अली आहेत. सुन्नी समाज आपल्या मुख्य प्रार्थनेत अशी रचना वापरणार नाही, असा निष्कर्ष निघाला. खोजा हे शिया इमामी इस्माईली आहेत आणि आगाखान हे त्यांचे इमाम आहेत, असा निकाल देण्यात आला.

खटला हरलेला गट मूळ समाजापासून वेगळा झाला आणि ते पुढे सुन्नी खोजा म्हणून ओळखले जाऊ लागले. काही दशकांनी आणखी एक गट बाहेर पडला, तो इसना अशरी झाला. एकाच जातीतले, एकाच आडनावाचे, एकच कच्छी-गुजराती बोलणारे लोक मुंबईत तीन वेगवेगळ्या उत्तरांचे अनुयायी झाले.

२०१४ च्या खटल्यातील वाद काय होता?

इथे दोन्ही बाजू शिया, इस्माईली आणि दाऊदी बोहरा. नेमणूक हाच मार्ग, हे दोघांनाही मान्य. त्यामुळे प्रश्न थेट पुराव्याचा झाला.

५२वे दाई सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांचे १७ जानेवारी २०१४ रोजी मुंबईत निधन झाले. पुत्र मुफद्दल सैफुद्दीन यांनी ५३वे दाई म्हणून सूत्रे घेतली. मात्र बुऱ्हानुद्दीन यांचे सावत्र भाऊ खुजैमा कुतबुद्दीन यांनीही त्याच पदावर दावा सांगितला. ते परके नव्हते. १९६५ पासून ते ‘माझून’, म्हणजे दाईंच्या खालोखालच्या पदावर होते. १० डिसेंबर १९६५ रोजी बुऱ्हानुद्दीन यांनी आपल्यावर खासगीत नस्स केली आणि ती गुप्त ठेवायला सांगितली, असे त्यांचे म्हणणे होते.

या दाव्यात साक्षीदार नव्हता. त्यावर कुतबुद्दीन यांच्या बाजूने सांगितले गेले, की नस्स ही दोन पवित्र व्यक्तींमधली गोष्ट आहे, तिला साक्षीदार लागतोच असे नाही. आणि एकदा झालेली नस्स मागे घेता येत नाही, त्यामुळे १९६५ नंतर दुसऱ्या कोणावर नस्स होणे शक्यच नाही. सन ७६५ मध्ये इस्माईल यांच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दाच इथे वेगळ्या रूपात आला.

प्रतिवादींनी १९६९, २००५ आणि २०११ अशा वेगवेगळ्या वेळी मुफद्दल यांच्यावर नस्स झाल्याचे सांगितले. सर्वाधिक चर्चा झाली ती जून २०११ची. बुऱ्हानुद्दीन यांना लंडनमध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. ४ जून रोजी रुग्णालयात त्यांनी कुटुंबीयांसमोर मुफद्दल यांचे नाव घेतले आणि २० जून रोजी भेंडीबाजारातील रौदत ताहेरा इथे जाहीर सभेत त्याची पुष्टी केली, असे प्रतिवादींचे म्हणणे होते. झटक्यानंतर ते असे काही बोलण्याच्या स्थितीत होते का, हा वादींचा प्रश्न होता.

खटला चालू असतानाच मार्च २०१६ मध्ये कुतबुद्दीन यांचे निधन झाले. एरवी वादीच गेल्यावर पदाचा वाद संपला असता. पण त्यांनी पुत्र ताहेर फखरुद्दीन यांच्यावर नस्स केली होती, त्यामुळे ते वादी म्हणून पुढे आले. नस्सची साखळी अशीच चालते.

न्यायमूर्ती पटेल यांनी धर्मशास्त्राचा निवाडा करण्याचे टाळले. आपण श्रद्धेवर नव्हे, तर केवळ पुराव्यावर निर्णय देत आहोत, असे त्यांनी स्पष्ट केले. १९६५ मध्ये नस्स झाल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, त्यामुळे दावा फेटाळण्यात आला. या निकालावर मोठा डोलारा अवलंबून होता. समाजाच्या मशिदी, ट्रस्ट आणि मालमत्तांवरील दाईंचा अधिकार त्यात होता. शिवाय प्रत्येक बोहरा तरुण-तरुणी दाईंच्या नावाने जी निष्ठेची शपथ, ‘मिसाक’, घेतात, ती कोणाच्या नावाने घ्यायची, हेही त्यात होते.

नस्स म्हणजे थोरल्या मुलाला वारसा का?

नाही. वारसा कुटुंबात राहत असला तरी नाव आपोआप ठरत नाही. तिसऱ्या आगाखान यांनी १९५७ मध्ये आपल्या मुलांना वगळून नातू करीम यांना मृत्युपत्रातून इमाम नेमले. करीम आगाखान यांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये लिस्बनमध्ये निधन झाले. त्यांचे मृत्युपत्र उघडल्यावर पुत्र रहीम ५०वे इमाम असल्याचे जाहीर झाले. ना मतदान झाले, ना वाद. लेखी नेमणूक असल्याने प्रश्नच उरला नाही.

न्यायालयाच्या निकालाने श्रद्धेचा वाद मिटतो का?

मालमत्ता कोणाच्या ताब्यात राहील आणि कायद्याच्या दृष्टीने पद कोणाचे, हे निकालाने ठरते. कोणाला मनापासून इमाम किंवा दाई मानायचे, हे ठरत नाही. १८६६ नंतर विरोधी खोजा आगाखान यांच्याकडे परतले नाहीत. सुन्नींच्या दृष्टीने तर हे दोन्ही खटले मुळात उद्भवणारेच नव्हते. कारण ज्या नेमणुकीचा पुरावा इथे मागितला गेला, तशी नेमणूक प्रेषितांनी केलीच नव्हती आणि पुढचा निर्णय समुदायावर सोपवला होता, असे ते मानतात. शियांच्या मते गदीरला हजारो साक्षीदारांसमोर ती झाली होती.

नेतृत्वावरून एखादा मुस्लिम गट वेगळा झाल्याची बातमी वाचताना आधी एवढेच पाहावे, की भांडण नेमणूक हवी की नको यावर आहे, की नेमणूक कोणाची झाली यावर. पहिले असेल तर ते सुन्नी-शिया वळणाचे. दुसरे असेल तर ते शियांच्या घरातले. १८६६ चा खटला पहिल्या प्रकारचा होता, २०१४ चा दुसऱ्या.